कपाळाला अमृतधारा आणि वर टिकली

*डॉक्टर, मी इंदूरला एका कापडाच्या पेढीत हिशेब बघते. मार्च जवळ आला की रोज संध्याकाळी कपाळाभोवती करकचून फडकं बांधल्यासारखं डोकं धरतं. दोन्हीकडून सारखंच. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, स्वयंपाकही करता येतो. गोळी घ्यायला मन धजत नाही. घरची अमृतधारा आणि नीलगिरीचं तेल समसमान मिसळून बाटलीत ठेवलंय, ते कपाळाला आणि कानशिलांना चोळते. थंडगार वाटतं, डोकं उतरतं. पण आठवड्याभरापासून टिकलीच्या जागी आणि डाव्या कानशिलावर खाज सुटून कातडी लाल झाली, आता काळपट पडतेय. यजमान म्हणतात, हे सगळं मनाचं समाधान. सासूबाई म्हणतात, माझा पिवळा बाम लाव. खरंच उपयोग होतो का? आणि चार वर्षांच्या मुलाला सर्दी झाली की हेच लावलं तर चालेल का?*
*– एक वाचक, सुदामानगर, इंदूर*

ताई, ती बाटली आजपासून बंद. मुलाला तर त्यातला थेंबही नको, त्याचे कारण पुढे सांगते. कपाळ पूर्ववत होईपर्यंत सासूबाईंचा बामही नको आणि टिकलीही नको. तोवर डोके दुखलेच तर पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या काहीतरी खाऊन घ्या. यकृताचा विकार नसेल आणि गोळी आठवड्यातून दोन दिवसांच्या वर जात नसेल, तर तिला एवढे भिण्याचे कारण नाही. भिण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, आणि तेही महिनोन्महिने घेत राहिले, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

आता यजमानांचा मुद्दा. त्यांना सांगा की या प्रश्नाचा छडा जर्मनीतल्या कील शहरातल्या डॉक्टरांनी 1996 साली बऱ्यापैकी लावून ठेवला आहे. त्यांनी तुमच्यासारखेच, ताणामुळे डोके दुखणारे 41 रुग्ण घेतले. प्रत्येकाची चार दुखणी तपासली, म्हणजे एकूण 164. कधी कपाळाला पेपरमिंटच्या तेलाचे द्रावण आणि पोटात पॅरासिटामॉलचे 1000 मिलिग्रॅम, कधी खरे द्रावण आणि खोटी गोळी, कधी खोटे द्रावण आणि खरी गोळी, कधी दोन्ही खोटे. कोणत्या वेळी काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. वासावरून चोरी पकडली जाईल म्हणून खोट्या द्रावणातही वासापुरता पेपरमिंटचा अंश टाकलेला होता. निकाल असा आला की खऱ्या द्रावणाने पंधराव्या मिनिटाला दुखणे स्पष्टपणे कमी झाले होते आणि तासाभरात ते आणखी उतरत गेले. गोळी आणि द्रावण यांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

म्हणजे सगळे मनाचे नाही. पण यजमानांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, तेही त्यांना द्यायला हवे. ज्याला थंडावा चांगलाच जाणवतो त्याला आपल्याला खरे औषध मिळाले हे कळतेच. वासाची युक्ती केली तरी कातडीवरचा गारवा लपत नाही. त्यामुळे बामच्या कोणत्याही चाचणीत मनाचा वाटा पूर्णपणे वजा करता येत नाही. शिवाय अशा चाचण्या थोड्याच आहेत आणि त्यांतले रुग्णही थोडेच. तरीही युरोपच्या औषध यंत्रणेने पेपरमिंट तेलाचा हा एक वापर, प्रौढांच्या सौम्य ताणाच्या डोकेदुखीसाठी कपाळाला लावणे, पुराव्याने सिद्ध झालेला वापर म्हणून मान्य केला आहे. अर्धशिशीसाठी तसे म्हणत नाहीत. तुम्ही जी लक्षणे लिहिली आहेत, दोन्हीकडून आवळल्यासारखे, उलटी नाही, चालता-वावरता येते, ती ताणाच्या दुखण्याचीच आहेत. म्हणून तुमच्या बाबतीत हा उपाय योग्य जागी लागू पडतो आहे.

तो लागू पडतो कसा? पेपरमिंटमधला मेंथॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. कातडी खरोखर गार झालेली नसते. तिथे थर्मामीटर लावलात तर तापमान तेवढेच दिसेल. पण मेंदूकडे थंडीची खबर जात राहते आणि त्या गडबडीत त्याच भागातून येणारी दुखण्याची खबर मागे पडते. मज्जातंतूंमधला थंडी आणि मेंथॉल टिपणारा हा रेणू 2002 साली हाती लागला. तो शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना, उष्णता, थंडी आणि स्पर्श शरीराला कसे कळतात यावरच्या कामासाठी 2021 चे नोबेल मिळाले.

नीलगिरीची गोष्ट जरा निराळी आहे. त्याच कीलच्या डॉक्टरांनी 1994 साली निरोगी माणसांवर दोन्ही तेलांची वेगवेगळी मिश्रणे लावून पाहिली होती. वेदनेची तीव्रता उतरवली ती अल्कोहोलमधल्या पेपरमिंटने. नीलगिरीची भर घातलेल्या मिश्रणाने कपाळाचे स्नायू सैल पडले, मनालाही हलके वाटले, पण वेदना कमी जाणवण्याच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. थोडक्यात, बाममध्ये नीलगिरी असायला हरकत नाही, पण डोके उतरवण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. तुमच्या बाटलीत मात्र निम्मी तीच आहे.

कीलच्या द्रावणाबद्दलची एक गोष्ट लोक हमखास विसरतात. त्यात पेपरमिंटचे तेल 10 टक्के होते. उरलेले 90 टक्के अल्कोहोल, जे कपाळावरून उडून जाते. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल साधारण 40 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे पॅरासिटामॉलच्या तोडीस तोड ठरलेल्या त्या द्रावणात प्रत्यक्ष मेंथॉल चार-पाच टक्केच होता.

आता तुमची बाटली बघू. घरची अमृतधारा म्हणजे कापूर, ओव्याचे सत्त्व आणि पुदिन्याचे फूल. सियागंजात कोणत्याही जडीबुटीच्या दुकानात हे तिन्ही मिळतात. समभाग घेऊन बाटलीत घातले की पाण्याचा थेंब न घालता आपोआप वितळतात. बघायला मजा येते, पण विरळ करणारे त्यात काहीच नाही. पुदिन्याचे फूल म्हणजे शुद्ध मेंथॉल, ओव्याचे सत्त्व म्हणजे थायमॉल. दोन्ही शंभर टक्के. तिन्ही समान, म्हणून अमृतधारेत प्रत्येकी 33 टक्के. तेवढेच नीलगिरीचे तेल घातल्यावर ते निम्मे झाले. तुमच्या कपाळावर लागते ते असे: मेंथॉल सुमारे 17 टक्के, कापूर 17, थायमॉल 17 आणि नीलगिरी 50.

मेंथॉल कीलच्या चौपट जवळपास. कापराची मर्यादा अमेरिकेत दुकानातून मिळणाऱ्या औषधांसाठी 11 टक्के ठरवलेली आहे, तुमचा त्याच्या दीडपट. थायमॉल तर जिवाणू मारणारा आणि कातडीला झोंबणारा पदार्थ, तो कपाळासाठी कोणी सुचवलेलाच नाही. अमृतधारा पोटदुखीला दोन थेंब बत्ताशावर घेतात तेव्हा मात्रा अगदी थोडी असते. तीच रोज संध्याकाळी कपाळाच्या नाजूक कातडीवर चोळणे हा वेगळाच प्रयोग झाला. डोके उतरते ते त्यातल्या मेंथॉलमुळे, आणि कातडी जळते ती बाकीच्या ऐवजामुळे आणि अतिरेकामुळे.

तुमच्या चट्ट्याचा माग काढणे सोपे आहे. नुसत्या टिकलीच्या गोंदाने झालेला चट्टा असता तर तो टिकलीएवढाच गोल राहिला असता, आणि कानशिलावर तर टिकली नसते. म्हणजे दोषी मिश्रणच आहे. पण टिकलीच्या जागी ते जास्त भडकले, कारण त्यावर टिकली चिकटवली की तेल उडून जायला वाट उरत नाही आणि झाकलेली कातडी ते जास्त शोषते. डाव्या कानशिलाचेही तसेच असावे. लावून डाव्या कुशीवर झोपत असाल, उशीत ती बाजू रात्रभर दबलेली राहत असेल. किंवा स्कूटीवर स्टोल घट्ट गुंडाळून, वर हेल्मेट चढवून घरी येत असाल. इंदूरच्या पोरी उन्हापासून वाचायला तोंड बांधतात ते चांगलेच आहे, पण बामवर ते बांधले की शेगडीवरच्या झाकणासारखे काम करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 साली स्नायूदुखीच्या मेंथॉल आणि गंधपुरा असलेल्या मलमांमुळे एकदाच लावूनही भाजल्याच्या तक्रारी आल्याचे सांगितले होते. त्यातल्या जास्त तक्रारी जास्त मेंथॉलच्या मलमांच्या होत्या. त्यावरून घरात पाळायची गोष्ट सोपी आहे. बाम लावलेल्या जागी पट्टी नाही, टिकली नाही, हेल्मेट नाही, आणि गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नाही.

ही नुसती झोंबाझोंबी आहे की ॲलर्जी, हे मात्र मी पत्रावरून ठरवणार नाही. फरक कसा ओळखायचा ते सांगते. झोंबणे लावल्यापासून काही मिनिटांत, फार तर काही तासांत सुरू होते आणि लावलेल्या जागेपुरतेच राहते. त्यात आग जास्त, खाज कमी. ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उगवते, खाज जबरदस्त असते, बारीक पुटकुळ्या येतात, आणि चट्टा लावलेल्या रेषेच्या बाहेर, पापण्यांपर्यंतही पसरतो. पुढच्या वेळी अगदी थोडे लावले तरी ती परत उफाळते. तुम्ही खाज लिहिली आहे, म्हणून ॲलर्जीची शंका घ्यायला हवी. नीलगिरीची बाटली फार जुनी असेल तर शंका आणखी वाढते. उघडी राहिलेली, उष्णतेत पडून असलेली सुगंधी तेले हवेने बदलतात आणि तशी ती कातडीला जास्त ॲलर्जी देतात.

आता कातडीसाठी काय करायचे. साध्या गार पाण्याने दिवसातून दोनदा धुवा, चोळून पुसू नका. वर पातळसर पेट्रोलियम जेली किंवा साधे खोबरेल लावा. लिंबू, हळद, बेसन यांपैकी काहीही नको, जळलेल्या जागी ते मीठच आहे. मेडिकलवर 'खाज-खुजलीची क्रीम द्या' म्हणून मागू नका. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध एकत्र असलेली ट्यूब सर्रास हातात दिली जाते, आणि चेहऱ्यावर तिने पुढे पातळ कातडी, लाल शिरा आणि पुरळ असे वेगळेच दुखणे मागे लागते. काळपटपणा ही आपल्या वर्णाच्या कातडीची नेहमीची खूण आहे. सूज गेली तरी रंग काही महिने रेंगाळतो. त्याला उन्हापासून झाकणे हाच मोठा उपाय. पुटकुळ्या, पाणी किंवा पापण्यांवर सूज दिसली तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ती बाटली सोबत न्या. तिच्याकडे बघूनच त्यांचे अर्धे काम होईल.

कपाळ पूर्ण साफ झाले की बामकडे परत जायला माझी हरकत नाही. पण आधी हातावर चाचणी घ्या. जे वापरायचे ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, सकाळ-संध्याकाळ सलग 7 दिवस लावा. नुसते एकदा लावून 'काही झाले नाही' म्हणणे पुरत नाही, कारण ॲलर्जी उशिरा बोलते. सात दिवसांत लाली, खाज, पुरळ यातले काही दिसले तर ते तेल तुमच्यासाठी नाही. आग झाली नाही तरच ते कपाळावर येऊ द्या.

आणि वापरायचे काय? कीलसारखे 10 टक्क्यांचे अल्कोहोलचे द्रावण घरी करायला जाऊ नका. जखमेवरचे स्पिरिट डोळ्यांच्या इतके जवळ नको आणि दुखावलेल्या कातडीला ते कोरडे पाडते. खोबरेलात करा. लेबलवर मेंथा पिपेरिटा लिहिलेले पेपरमिंटचे तेल बघून घ्या. बाजारात पुदिन्याचे तेल म्हणून जे पुष्कळ विकले जाते ते उत्तर प्रदेशातल्या मेंथाचे, मेंथा आर्वेन्सिसचे असते. त्यात मेंथॉल पेपरमिंटपेक्षा खूप जास्त, 70 टक्क्यांच्याही वर असतो, त्यामुळे थेंबांचा हिशेब चुकतो. चहाचा लहान चमचा म्हणजे साधारण 5 मिलिलिटर, त्यात शंभर थेंब मावतात. त्या खोबरेलात पेपरमिंटचे पाच थेंब घातले की मिश्रण पाच टक्क्यांचे झाले. कीलच्या निम्मे, आणि तुमच्या सध्याच्या कातडीला तेवढेच सुरुवातीला पुरे. खोबरेल मेंथॉलला धरून ठेवते, अल्कोहोलसारखे भरकन सोडत नाही, म्हणून गारवा थोडा मंद जाणवेल. तेव्हा 'आणखी थोडे घालू' असे करू नका. तयार रोल-ऑन घेतलात तरी घटकांची यादी वाचा. पहिल्या नंबरवर मेंथॉल किंवा पेपरमिंट हवा. ओव्याचे सत्त्व, टर्पेंटाइन, लवंगतेल असलेला नको.

लावण्याची वेळ महत्त्वाची. दुखणे पूर्ण पेटल्यावर लावण्यापेक्षा, आवळल्यासारखे वाटू लागले की लगेच. एका बोटावर दोन थेंब घेऊन कपाळावर भुवईच्या बोटभर वर आणि कानशिलावर केसांच्या रेषेकडे हलक्या हाताने पसरा, रगडू नका. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दूर राहा, मे महिन्यात घाम वाहून तिथेच उतरतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा, आणि आणखी पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा, कीलमध्ये असेच लावले होते. त्यानंतर थांबा. तासाभरात उतार पडला नाही तर गोळी घ्या, पुन्हा चोळू नका. लावल्यावर हात साबणाने धुवा, नाहीतर वहीवरून, चष्म्यावरून ते डोळ्यात जाते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स काढा, मग बामला हात लावा. डोळ्यात गेलेच तर पंधरा मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवा. झोपण्याआधी मिश्रण खोबरेल लावलेल्या कापसाने पुसून काढा आणि मग सौम्य साबण लावा. नुसत्या पाण्याने तेलकट बाम निघत नाही, पसरतो. हा दिनक्रम आठवड्यातून दोन-तीन दिवसांपर्यंत ठीक आहे. रोजच लागत असेल तर दुखण्याचेच मूळ शोधायला हवे: चष्म्याचा नंबर, स्क्रीन किती खाली आहे, मान किती वाकते. मार्च एंडला पेढीत बारा तास बसल्यावर कोणाचेही कपाळ आवळेल, भिया, त्यात रहस्य काही नाही.

सासूबाईंच्या पिवळ्या बामची डबी उलटी करून वाचा. अशा बहुतेक डब्यांवर पुदिना सत्त्व, कापूर, नीलगिरी आणि गंधपुरा तेल अशी यादी असते. गंधपुरा म्हणजे मिथिल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या कुळातले. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा त्याने दमा उठणाऱ्यांनी तो टाळावा. सासूबाई हृदयासाठी वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर हा बाम अंगभर चोळण्याआधी डॉक्टरांना विचारा. कातडीतून जाणारे सॅलिसिलेट त्या गोळीचा जोर वाढवते आणि रक्तस्रावाचा धोका होतो. नुसते कपाळाला बोटभर लावण्याने असे सहसा होत नाही, पण गुडघे, कंबर आणि पाठ एकत्र आले की हिशेब बदलतो.

आता तुमचा मुलगा. मेंथॉल, कापूर आणि नीलगिरी या तिघांचे लहान मुलांशी पटत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाशी मेंथॉल लावले की घसा आवळून श्वास अडू शकतो. तुमचा चार वर्षांचा आहे, त्याला तो धोका कमी, पण कापूर आणि नीलगिरीचे तेल पोटात गेले तर झटके येऊ शकतात, आणि त्याला चमचाभरसुद्धा लागत नाही. गंधपुरा तर 5 मिलिलिटर म्हणजे ॲस्पिरिनच्या सुमारे सात ग्रॅमइतका, वीस-एक गोळ्यांच्या तोडीचा. चार वर्षांच्या मुलासाठी ते जिवावरचे आहे. बाटली पाण्याच्या रंगाची, वास बत्ताशाचा, आणि ठेवलेली असते देव्हाऱ्याजवळच्या फळीवर. ती कुलपात टाका, आणि कधी प्यायली गेल्याची शंका जरी आली तरी घरी उलटी न करवता बाटलीसह सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. सर्दीला कोमट पाण्याचे गुळणे, मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणि बालरोगतज्ज्ञ पुरेसे आहेत.

मोठ्यांनाही एक इशारा. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नीलगिरी-कापराचे बाम किंवा तेल वापरल्यानंतर फिट आलेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. असे थोड्यांनाच होते. पण घरात कोणाला मिरगी असेल तर कपाळाच्या बाममधून नीलगिरी आणि कापूर वगळा, आणि ज्याला नवीनच फिट आली त्याच्या डॉक्टरांना बामचे नाव आवर्जून सांगा. एवढे ते स्वतःहून विचारतीलच असे नाही.

बामने लपवायला नको अशी डोकेदुखीही असते. अचानक, सेकंदा-मिनिटात फुटल्यासारखी आलेली. ताप आणि मान ताठ असलेली. बोलणे अडखळणारी, हात-पाय लुळे पडणारी. डोक्याला मार बसल्यानंतरची. यांपैकी काहीही असेल तर बामची डबी बाजूला आणि आपत्कालीन विभाग समोर. आणि सासूबाईंना वेगळे सांगा. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागले, केस विंचरताना तिथे हात लावू देत नाही, जेवताना चावून जबडा दुखतो, डोळ्याला अंधारी येते, तर ते कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. वेळेत ओळखले तर स्टिरॉइडने ते आटोक्यात येते, उशीर झाला तर दृष्टी जाते. अशा वेळी कानशिलाला बाम लावून बरे वाटते का हे बघत बसण्यात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी रक्ताची ईएसआर तपासणी करून डॉक्टरांकडे जावे.